मदत हवी आहे: डोक्याला मार, स्कॅन नॉर्मल, घरी सोडलंय. झोपू द्यायचं का?

सई_के, रात्री ८:४०
सासरे बाथरूममध्ये घसरून पडले, डोकं मागून आपटलं. सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला, घरी सोडलं. हातात कागद दिलाय, त्यावर लिहिलंय "४८ तास लक्ष ठेवा". लक्ष ठेवा म्हणजे नक्की काय करायचं? नवरा म्हणतो झोपू दे, सासूबाई म्हणतात अजिबात नाही. ते अंथरुणावर जाऊन बसलेत, लवकर सांगा प्लीज.

दिगंबर_काका, ८:४६
अजिबात झोपू देऊ नका. रात्रभर बोलतं ठेवा, टीव्ही लावा. असा माणूस झोपेतच कोमात जातो. आमच्या शेजाऱ्यांचं असंच झालं होतं.

कॅज्युअल्टीवाली, ८:५१
काका, झोपेमुळे कोणी कोमात जात नाही. आत रक्त साठत असेल तर माणूस गुंगीत जातो आणि आपल्याला वाटतं गाढ झोपलाय, भीती आहे ती एवढीच. म्हणून झोपू द्यायचं आणि मध्ये मध्ये उठवून बघायचं.

सई, तुम्ही निम्मी माहिती दिलीच नाही. वय काय? पडले कधी, स्कॅन कधी? शुद्ध हरपली होती का? उलटी? दारू घेतली होती का? आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?

मानसी_आई, ८:५५
माझा मुलगा मागच्या महिन्यात पलंगावरून पडला, टेंगूळ आलं होतं. अजून हात लावला की रडतो. स्कॅन करायला हवा होता का?

सई_के, ८:५८
वय ७४. साडेपाचला पडले, साडेसहाला स्कॅन. शुद्धीत होते. दारू नाही. येताना गाडीत एकदा उलटी झाली. गोळ्या बीपीची, शुगरची आणि एक हृदयाची. पण झोपायचं काय?

कॅज्युअल्टीवाली, ८:५९
हृदयाची कोणती? पाकिटावरचं नाव वाचून लिहा.

तंत्रज्ञ७, ९:०३
मुळात सीटी का? एमआरआय करायला हवा होता. एमआरआयमध्ये सगळं दिसतं.

कॅज्युअल्टीवाली, ९:०६
ताजा रक्तस्राव आणि कवटीचं फ्रॅक्चर शोधायला पहिल्या काही तासांत सीटीच करतात, काही मिनिटांत होतो. एमआरआयवर वेगळा धागा काढा.

सई_के, ९:०९
वॉरफरिन. ठोके अनियमित आहेत म्हणून. आजची अजून दिलेली नाही. हॉस्पिटलमध्ये दीर बरोबर होते, ते म्हणतात गोळ्यांचं कोणी विचारलंच नाही.

कॅज्युअल्टीवाली, ९:१५
मग झोपेचा प्रश्न बाजूला ठेवा आणि आत्ता त्याच हॉस्पिटलला फोन करा. "७४ वर्षांचे, वॉरफरिनवर आहेत, पडल्यावर एका तासात स्कॅन झाला, नंतर एक उलटी झाली", असंच सांगा.

स्कॅन त्या क्षणाचं सांगतो. इतक्या लवकर केलेल्या स्कॅनमध्ये हळू झिरपणारं रक्त दिसेलच असं नाही आणि वॉरफरिनवरच्या माणसाचं झिरपणं लवकर थांबत नाही. रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आयएनआर किती आहे ते बघायला हवं. आजची गोळी फोन होईपर्यंत देऊ नका.

दिगंबर_काका, ९:१८
फोन कशाला, चार दिवस गोळी बंद करून टाका. धोकाच नको.

कॅज्युअल्टीवाली, ९:२१
आणि त्या चार दिवसांत हृदयात गुठळी होऊन मेंदूत गेली, लकवा झाला तर? गोळी त्यासाठीच दिलेली असते. एक डोस थांबवणं वेगळं आणि मनाने बंद करणं वेगळं. किती दिवस ते त्यांचे डॉक्टरच ठरवतील.

सई_के, ११:५०
परत जाऊन आलो. रक्त तपासलं, आयएनआर २.४. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, नंतर उलटी झालेली नाही. म्हणाले ठेवायचं तर ठेवा, पण जवळ राहत असाल आणि कोणी जागं राहणार असेल तर घरीही चालेल. बाबा राहायला तयार नाहीत. आजची गोळी देऊ नका, सकाळी फोन करा म्हणाले. आता उठवायचं म्हणजे कसं ते सांगा.

कॅज्युअल्टीवाली, ११:५८
आजची रात्र दर दोन तासांनी. नुसतं "बाबा" म्हटल्यावर "हं" आलं की झालं, असं करू नका. डोळे उघडायला लावा. नाव, आपण कुठे आहोत, संध्याकाळी काय झालं, हे विचारा. दोन्ही हातांनी तुमची बोटं दाबायला सांगा, जोर सारखा लागतोय का बघा. एकदा उठून चार पावलं चालू दे, पण धरून. काय दिसलं ते वेळेसकट वहीत लिहा, नाहीतर पहाटे दिरांना सांगताना सगळं एकमेकांत मिसळेल.

चिडले तर चिडू दे. हाका मारून, हलवूनही नीट जाग येत नसेल, बोलणं असंबद्ध असेल, उलट्या सुरू झाल्या, डोकेदुखी वाढत चालली, झटका आला, एका बाजूचा जोर कमी वाटला किंवा नाका-कानातून पाण्यासारखं काही आलं, तर फोनवर वेळ न घालवता ॲम्ब्युलन्स.

रानवारा, रात्री १२:०७
मोबाईलचा टॉर्च मारून बाहुल्या बघा. एक मोठी, एक लहान दिसली की समजा रक्तस्राव.

सई_के, २:१२
कोणी जागं आहे का?? टॉर्च मारला. डावी बाहुली मोठी आहे आणि वेडीवाकडी, हलतच नाही. बोलणंही बोबडं येतंय.

कॅज्युअल्टीवाली, २:१४
आहे, ड्युटीवर आहे. डोळे उघडून तुमच्याशी बोलतायत का? डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का? आणि कवळी तोंडात आहे का काढलेली?

सई_के, २:१९
कवळी वाटीत आहे. लावून बोलायला लावलं, स्वच्छ बोलले. वर टॉर्च बंद कर म्हणून ओरडले. नाव, घर, पडल्याचं सगळं सांगितलं, बोटं दोन्ही हातांनी घट्ट दाबली. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, सासूबाई म्हणतात तेव्हापासून बुबुळ असंच दिसतं.

कॅज्युअल्टीवाली, २:२३
मग त्या बाहुलीवरून पळापळ नको. मेंदूवर दाब येऊन बाहुली मोठी होते तोवर माणूस सहसा टॉर्चला शिव्या देण्याच्या अवस्थेत नसतो. पण सासूबाईंना खात्री नसती, तर मी आत्ता निघा म्हटलं असतं. आपल्या माणसाचं नेहमीचं कसं असतं ते माहीत असायला हवं. रानवारा, टॉर्च आम्हीही मारतो, पण आधी जाग बघतो.

रानवारा, २:३०
मी चुकीचं नाही सांगितलं. फरक दिसला तर दाखवावं, एवढंच.

सई_के, सकाळी ८:०५
रात्र नीट गेली. डोकं दुखतंय, पण कालपेक्षा कमी. घरात आयब्युप्रोफेन आहे, देऊ का?

दिगंबर_काका, ८:११
द्या की, मी नेहमी घेतो.

कॅज्युअल्टीवाली, ८:२०
नाही. वॉरफरिनवर तर नाहीच. पॅरासिटामोल चालतं, दिवसाची मात्रा डॉक्टरांना विचारून; वॉरफरिनवर रोज भरपूर घेतलं तर आयएनआर वाढू शकतो. झोपेची गोळी देऊ नका, गुंगी कशाची ते कळणार नाही.

४८ तास संपले म्हणजे सुटलो असं नाही. या वयात रक्त हळूहळू साठून तीन-चार आठवड्यांनीही त्रास सुरू होतो. चालताना तोल जातोय, एक पाय ओढला जातोय, विसरायला लागले, दिवसा जास्त झोपतायत, असं दिसलं तर "वय झालं" म्हणून सोडू नका. पडल्याचं सांगून पुन्हा स्कॅन करून घ्या.

सई_के, १०:४०
फोन केला. कालचे डॉक्टर म्हणतात गोळी उद्यापासून सुरू करा. बाबांचे नेहमीचे हृदयाचे डॉक्टर म्हणतात आजच रात्री द्या. आता कोणाचं ऐकू?

तंत्रज्ञ७, १०:४४
हृदयाच्या डॉक्टरांचं. स्पेशालिस्ट आहेत.

कॅज्युअल्टीवाली, १०:५२
कालचा स्कॅन आणि आयएनआर हृदयाच्या डॉक्टरांनी बघितलाय का? नसेल तर रिपोर्ट पाठवा आणि दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. ते मी इथून सांगणार नाही.