मदत हवी आहे: शेणकिडा गोळा सरळ रेषेत कसा नेतो?

सह्यवाट:
गेल्या रविवारी सकाळी साताऱ्याजवळच्या एका पठारावर ताज्या शेणाच्या पोवाजवळ मी जवळपास तासभर बसून होतो. एका काळ्या शेणकिड्याने बोराएवढा गोळा घडवला, पुढचे पाय जमिनीवर आणि मागचे पाय गोळ्यावर टेकवून, डोके खाली ठेवून तो उलट्या चालीने गोळा ढकलू लागला. वाटेत दगडाला अडून गोळा घरंगळला, तेव्हा किडा गोळ्यावर चढला, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि खाली उतरून पुन्हा आधीच्याच दिशेने निघाला. त्याला नेमके कुठे जायचे असते, आणि पाठमोरा चालत असूनही त्याची दिशा का चुकत नाही, हे कुणी समजावून सांगू शकेल का?

रानवाट्या:
माझ्या समजुतीप्रमाणे तो आपल्या बिळाकडे जात असतो. मुंग्यांप्रमाणे दगड, गवत अशा खुणा लक्षात ठेवूनच तो वाट काढत असणार. शिवाय पोवाजवळ इतर किडे आयता गोळा पळवायला टपलेले असतात, त्यामुळे तिथून लवकर निघणे भाग असते.

मळेकरी:
आमच्या शेणखताच्या खड्ड्यात पांढऱ्या, वाकड्या अळ्या फार झाल्या आहेत. त्या याच किड्याच्या आहेत का, आणि खत उसाला घालण्यापूर्वी त्या काढून टाकाव्यात का?

विषुववृत्त:
मळेकरी, आपले वर्णन हुमणीसारखे वाटते; ती वेगळ्या भुंगेऱ्यांची अळी असते. त्यासाठी शेती विभागात वेगळा धागा काढावा, म्हणजे जाणकारांचे लक्ष जाईल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी दोन हंगाम दक्षिण आफ्रिकेत या किड्यांच्या क्षेत्रकामात मदतनीस होतो. चोरीबद्दल रानवाट्या यांचे म्हणणे बरोबर आहे, बिळाबद्दलचे मात्र नाही. गोळा करणाऱ्या बहुतेक जातींना परतायला घर नसते. गोळा पुरायची जागा पुढे कुठेतरी निवडायची असते. म्हणून एकाच पोवावरून निघालेले किडे वेगवेगळ्या दिशांना जातात, पण प्रत्येक जण आपली दिशा सोडत नाही. गर्दीपासून सर्वांत कमी चालीत दूर जायचे तर रेषा सरळच हवी. वळत गेल्यास किडा पुन्हा त्याच चोरांच्या तावडीत सापडण्याची भीती असते.

दिशा तो जमिनीवरून नव्हे, आकाशावरून धरतो. दिवसा फिरणाऱ्या जातींवर केलेला एक प्रयोग यासाठी फार बोलका आहे. सपाट वर्तुळाच्या मध्यातून किड्याला गोळ्यासह सोडायचे, अर्ध्या वाटेत खऱ्या सूर्यावर आडोसा धरायचा आणि समोरच्या बाजूने आरशाने सूर्य दाखवायचा. तेव्हा बहुतेक किडे जवळजवळ उलटे वळून चालू लागतात. दगडधोंड्यांच्या खुणांवर त्यांची भिस्त असती, तर आरशाने काहीच बदलले नसते. आपण पाहिलेली गिरकी हाही याचाच भाग आहे: गोळ्यावर चढून किडा आकाशाचे चित्र टिपून घेतो आणि पुढे समोरचे आकाश त्या चित्राशी जुळवत राहतो. गोळा हातून सुटला की तो पुन्हा चढून जुळणी करतो.

सह्यवाट:
मनापासून आभार. मग सूर्य अगदी डोक्यावर असताना आणि रात्री काय होते?

विषुववृत्त:
भर दुपारी सूर्यावरून दिशा कळणे अवघड होते, तेव्हा हे किडे वाऱ्याच्या दिशेचा आधार घेतात. 2019 साली हे दाखवले गेले. रात्री फिरणारी एक जात चांदण्यातील ध्रुवित प्रकाश, म्हणजे ज्याची कंपने ठरावीक दिशेतच होतात असा प्रकाश, ओळखते, हे 2003 मध्ये सिद्ध झाले. चंद्र नसलेल्या रात्रीसाठी 2013 चा जोहान्सबर्ग येथील तारांगणातला प्रयोग पाहावा. पूर्ण ताऱ्यांचे आकाश दाखवले काय किंवा केवळ आकाशगंगेचा पट्टा दाखवला काय, किडे जवळजवळ सारखेच सरळ गेले. उघड्यावर त्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी बसवली तेव्हा ते भरकटले, आणि पारदर्शक टोपीत मात्र सरळ चालले. म्हणजे भरकटणे टोपीच्या ओझ्यामुळे नव्हते.

रानवाट्या:
बिळाबाबत माझी चूक झाली, हे मान्य. पण आपल्याकडे शेणकिडे ऐन पावसाळ्यात दिसतात. दिवसभर ढग असतील आणि वाराही पडलेला असेल, तर त्यांनी काय करावे?

विषुववृत्त:
दाट ढगांत आकाशाच्या एका बाजूला थोडा अधिक उजेड राहिला, तर तेवढ्यावर त्यांचे किती भागते, हे जातीनुसार बदलू शकते. सह्याद्रीतल्या जातीबद्दल मी ठामपणे सांगणार नाही. ढगाळ सकाळी एकाच किड्याला त्याच जागेवरून पाच-सहा वेळा सोडून पाहावे. प्रत्येक वेळी तो वर्तुळाबाहेर साधारण एकाच बाजूने पडला, तर त्याला आधार सापडला आहे असे समजावे. रेषा सरळ दिसणे एवढ्यावर मात्र निष्कर्ष काढू नये. थोड्या अंतरात वाकडी वाटही सरळ भासते.

सह्यवाट:
पुढच्या रविवारी दोरीने दोन मीटरचे वर्तुळ आखून, छत्री आणि आरसा घेऊन जाणार आहे. प्रत्येक फेरीत किडा कुठून बाहेर पडला याच्या नोंदी इथेच लिहीन.