मुलाखती की प्रश्नावली? सीमाभागातून परदेशी गेलेल्यांचा धर्म कसा विचारायचा

चिकोडीकर
निपाणी-चिकोडीकडून इंग्लंडला स्थायिक झालेल्या दिगंबर जैन कुटुंबांच्या धार्मिक ओळखीवर पीएच.डी. करतेय. पद्धतीच्या प्रकरणावर गाडी अडलीय. मार्गदर्शक म्हणतात, गूगल फॉर्म फिरव, आकडे आण. मला मुलाखती घ्यायच्या आहेत. काय निवडू?

निवृत्त मास्तर
मार्गदर्शकांचं ऐका. पंधरा जणांशी गप्पा मारून प्रबंध होत नाही. ३८४ फॉर्म भरून घ्या, ९५ टक्के विश्वासपातळीला चूक पाच टक्क्यांच्या आत राहते. वर्गात आयुष्यभर हेच शिकवलं.

टिळकवाडीची
सर, ३८४ चा हिशेब बरोबर, पण तो यादीतून चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली तर. निपाणीहून इंग्लंडला गेलेल्या जैनांची यादी कुणाकडं आहे? फॉर्म जाणार दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर, तेही दशलक्षण पर्वाच्या पूजेसाठी काढलेल्या. जो देवळाकडं फिरकत नाही तो ग्रुपवरच नाही. अशा ठिकाणाहून चार हजार फॉर्म आणले तरी देवळाकडं झुकलेला कल जात नाही, उलट चुकीचा आकडा जास्त ठाम दिसायला लागतो.

दुसरी अडचण प्रश्नातच. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत धर्माच्या प्रश्नाखाली हिंदू, शीख, बौद्ध अशा चौकटी होत्या, जैन नव्हती. 'इतर' वर खूण करून हातानं लिहायचं. मी लेस्टरच्या एका बाईंशी बोलले, माहेर निपाणीजवळचं. सुरुवातीलाच म्हणाल्या, "आम्ही जैन, त्यात काय विचारायचं?" अर्ध्या तासानं जनगणनेचा विषय निघाला. घराचा फॉर्म नवऱ्यानं भरलेला, सगळ्यांपुढं 'हिंदू'. का? "चौकट दिसली, खूण केली." मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "इथल्या देवळात गेलं की मात्र आम्ही आधी मराठी." लेस्टरच्या जैन देवळात दिगंबर मूर्तीही आहेत, पण भोवती बहुतेक गुजराती श्वेतांबर. बाईंना परकेपणा वाटतो तो धर्माचा नव्हे, भाषेचा. हे कुठल्या फॉर्मात येणार?

खानापूर रोड
आपल्याकडं भाषेचं हेच आहे की! दारात विचारायला आलेला मराठी बोलतोय की कन्नड, ते बघून माणूस मातृभाषा सांगतोय. माझ्या काकांनी एकदा दोन वेगळी उत्तरं दिली होती. १९५६ पासून हेच चाललंय. त्यावर कुणी संशोधन करत नाही!

चिकोडीकर
काका, माझा विषय धर्माचा आहे. पण विचारणारा कोण हे बघून उत्तर बदलतं, हे माझ्याही कामाचं. लिहून ठेवते.

शहापूरचा वाद
मग तोच नियम मुलाखतीला लावा ना. विचारणारी चिकोडीची, आडनावावरून ओळखणारी, गावात आईवडलांच्या कानावर जाईल ही धास्ती. समोरची बाई सांगणारच की सूर्यास्तानंतर जेवत नाही, कांदा-बटाटा बंद. १९९३ साली अमेरिकेत काही अभ्यासकांनी चर्चमध्ये प्रत्यक्ष आलेली डोकी मोजली, तर लोकांनी सर्वेक्षणात सांगितलेल्याच्या साधारण निम्मीच निघाली. धर्माबद्दल माणूस आपण जसे असायला हवे तसं सांगतो. निनावी फॉर्ममध्ये निदान लाज तरी कमी.

टिळकवाडीची
मान्य, ही धास्ती खरी आहे. म्हणून मी "रात्री जेवता का" असं विचारतच नाही. "काल कामावरून आल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं?" एवढंच. डिसेंबरात तिथं चारच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑफिस सुटतं पाचला. बाईंनी सांगितलं, आठ वाजता डाळ-भात, कांदा न घालता. मग स्वतःच म्हणाल्या, "हिवाळ्यात सूर्यास्त धरायचा म्हणजे दुपारीच जेवायला पाहिजे. मी कांद्यावर भागवते." व्रत मोडलं नाही, एका नियमाचा भार दुसऱ्यावर टाकला. हो-नाहीच्या फॉर्मात त्या 'रात्रीभोजन करतात' एवढ्याच उरल्या असत्या. आणि हो, आधी विचारून घ्या की खोलीत कोण आहे. सासूबाई शेजारी असल्या की सगळं दुसरंच ऐकू येतं.

निवृत्त मास्तर
यादीचं पटलं. पण एका बाईंच्या कांद्यावरून सगळ्यांबद्दल लिहिणार का? मुलाखतीवाले 'बहुतेकांना वाटतं' असं बेधडक लिहितात आणि तुमच्या पंधरा बायकाही त्याच ग्रुपमधून येणार!

टिळकवाडीची
सर, हा मात्र वर्मावर बसला. 'बहुतेक' हा शब्द मुलाखतीवाल्यानं वापरूच नये. माणसं एकीच्या ओळखीनं दुसरी अशी न शोधता तीन वेगळ्या दारांनी शोधावीत: देऊळ, शाळेचे जुने मित्र, आणि गावाकडच्या घरांतून मिळालेले नंबर. देवळात न जाणारे तिसऱ्या दारानंच सापडतात. आधी दहा-बारा मुलाखती, त्यांत आलेल्या शब्दांतून छोटी प्रश्नावली, आणि तिच्या टक्क्यांखाली स्पष्ट लिहायचं की हे टक्के फक्त उत्तर देणाऱ्यांचे.

शहापूरचा वाद
दोन्ही केलं की दोन्ही अर्धवट. तीन वर्षांत होतंय का बघा.

चिकोडीकर
मार्गदर्शकांना 'फक्त उत्तर देणाऱ्यांचे' हे वाक्य पचेल असं वाटत नाही. सोमवारी विचारते. गावाकडचे नंबर मात्र आईकडं आजच मागितले, सात मिळाले. त्यातल्या दोघांबद्दल आई म्हणाली, "त्यांना कशाला, ते काही पाळत नाहीत." त्यांनाच पहिला फोन करणार.