मदत हवी आहे: व्हिडिओवाल्याला ब्रीफ नेमका किती बांधून द्यायचा?

बाणेरला आमची घरगुती डब्याची सर्व्हिस आहे, इन्स्टावर अ‍ॅड चालवतो आणि उद्देश एकच, की लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज करून ट्रायल डबा मागवावा.

पहिल्या वेळी व्हिडिओ करणाऱ्या मुलाला फक्त "फ्रेश, घरगुती, प्रीमियम वाटलं पाहिजे" एवढंच सांगितलं आणि दोन-तीन आवडलेले रील पाठवले. त्याने वाफा येणारी भाजी, स्लो मोशनमध्ये तूप, सगळं झकास शूट केलं पण पहिली ५ सेकंद नुसता लोगो, आणि डिलिव्हरी कुठे नि ट्रायल कितीला हे पार शेवटी. व्ह्यूज आले, मेसेज मात्र "रेसिपी द्या ना ताई" असले! चूक त्याची नाही म्हणा, मी त्याला उद्देशच सांगितला नव्हता.

मग दुसऱ्या वेळी सगळंच लिहून दिलं, कोणता शॉट कधी, कोणती ओळ कुठे. तर तो म्हणाला "मग मी काय फक्त बटण दाबू?" आणि खरंच व्हिडिओ सरकारी जाहिरातीसारखा झाला.

आता तिसरा ब्रीफ लिहितेय. २० सेकंद, उभा 9:16, आवाज बंद असला तरी कळावा म्हणून मराठी सबटायटल, बदल फक्त दोनदा, एवढं पक्कं आहे. पाहणारा म्हणजे हिंजवडीत नोकरीला असलेला, एकटा राहणारा, रोज बाहेरचं खाऊन कंटाळलेला.

पहिल्या ३ सेकंदात काय कळलं पाहिजे आणि शेवटी काय करायला सांगायचं, एवढंच बांधून बाकी त्याच्यावर सोडू, का मधल्या ओळीही मीच देऊ?