'सौम्य', 'विरल' आणि 'अंश': पाणी घातल्यावर नेमकं काय वाढतं?

कृष्णाकाठ (सांगली)
प्रश्न शब्दांचाच आहे, पण मागची गोष्ट सांगावी लागेल. मी अकरावी-बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं अकरावीला आली की विज्ञान एकदम इंग्रजीत सुरू होतं, म्हणून पहिले काही महिने मी दोन्ही भाषांत बोलते. गेल्या आठवड्यात ओस्टवाल्डचा नियम घेतला. फळ्यावर α = √(K/c) लिहिलं आणि मराठीत सांगितलं, "सौम्य आम्लाचं द्रावण जितकं विरल, तितका आयनीभवनाचा अंश जास्त." पलूसहून येणाऱ्या एका मुलीनं वहीत खाली स्वतःचं वाक्य लिहिलं: 'म्हणजे सौम्य आम्लात पाणी घातलं की ते तीव्र होतं.'

तिचं गणित अचूक होतं. वाक्य चुकलं ते माझ्या शब्दांमुळे, असं मला सारखं वाटतंय. घरी आपण 'पाणी घालून सौम्य कर' म्हणतो, तेव्हा सौम्य म्हणजे पातळच. आणि 'अंश' म्हटल्यावर तिला तापमापी आठवली. अंश वाढला म्हणजे जोर वाढला. तुम्ही या जागी कोणते शब्द वापरता?

तासगाव_बाग
ताई, प्रश्न आमच्या कामाचा आहे. बोअरच्या पाण्याचा सामू आमच्याकडे सव्वाआठ. फवारणीआधी सायट्रिक ॲसिड टाकून तो सहाच्या आसपास आणतो. २०० लिटरच्या बॅरलमध्ये सामू बरोबर येतो. पण तेच पाणी मोठ्या टाकीत ओतून वर बोअरचं पाणी सोडलं, की सामू परत साडेसातच्या वर. सायट्रिक पण सौम्यच ॲसिड ना? मग तुमच्या नियमानं पाणी वाढल्यावर आयन वाढून सामू खाली यायला पाहिजे. वर का जातो?

शब्दवेडी (मिरज)
सामूचं उत्तर जाणकार देतील, मी शब्दांवर बोलते. 'अंश' आपण तापमानात शिकतो त्याच्याही आधी अपूर्णांकात शिकतो: वर अंश, खाली छेद. मूळ अर्थ भाग, वाटा. 'त्यात सत्याचा अंश आहे' म्हणतो तेव्हा सत्य किती गरम आहे हे कुणी मोजत नाही. मुलीला फक्त विचारायचं, "अंश सांगितलास, छेद कुठाय?" काही जण इथे 'मात्रा' म्हणतात, ते मला आणखी घोटाळ्याचं वाटतं. मात्रा म्हणजे औषधाचा डोस, म्हणजे सरळ परिमाणच.

'विरल' तर आपल्या बोलीत जिवंत आहे. विरळ केस, विरळ वस्ती. तासगावकर द्राक्षाच्या घडाची विरळणी करतात, तोच शब्द. विरळ म्हणजे दोहोंमधलं अंतर वाढलेलं. त्यात गुणाचा, स्वभावाचा काही संबंध नाही. 'सौम्य' मात्र स्वभावाचा शब्द आहे.

इंजिनिअर_कराड
गोंधळायचं कारणच नाही. अंश संहतीच्या व्यस्त प्रमाणात असतो. दहा पट पाणी घातलं की अंश दहा पट वाढतो, म्हणजे हायड्रोजन आयन होते तेवढेच राहतात आणि सामू बदलत नाही. आणि पाणी घालत गेलं की शेवटी प्रत्येक आम्ल १०० टक्के फुटतं. त्या अर्थानं मुलीचं वाक्य बरोबरच आहे.

माहुलीकर (सातारा)
छत्तीस वर्षं हा धडा शिकवला, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

कराडकर, वाढ व्यस्त आहे, पण वर्गमुळानं. त्या वर्गमुळातच सगळी गोष्ट आहे. ॲसिटिक आम्ल घेऊ. २५ अंश सेल्सिअसला त्याचा विचरण स्थिरांक, म्हणजे सूत्रातला K, ०.००००१८. लिटरमध्ये ०.१ मोल असेल तर अंश येतो सुमारे ०.०१३, म्हणजे हजार रेणूंतले तेरा फुटलेले. आता दहा पट पाणी घालू, संहती ०.०१. अंश ०.०४२, हजारात बेचाळीस. दहा पट नाही, तीन पटींहून थोडा जास्त, कारण १० चं वर्गमूळ ३.१६.

आता छेदाकडे या. लिटरमागे हायड्रोजन आयन किती, हे अंश गुणिले संहती यावरून ठरतं. आधी ते ०.००१३ मोल होते, आता ०.०००४२. अंश तिपटीनं वाढला, तर लिटरमागचे रेणू दहापटीनं घटले. सामू २.९ वरून ३.४ वर गेला. म्हणजे द्रावण कमीच आंबट झालं. हायड्रोक्लोरिक आम्ल असतं तर दहा पट पाण्यानं सामू पूर्ण १ नं चढला असता. इथे अर्ध्यानं चढला. नवे फुटलेले रेणू घट थोडी भरून काढतात, पूर्ण नाही.

शब्दवेडींनी विरळणी आणली हे फार बरं झालं. कारण तेच आहे. रेणूला फुटायला भोवतालच्या पाण्यापलीकडे कुणाची गरज लागत नाही, तो एकटा फुटतो. पण दोन आयनांना पुन्हा जुळायला एकमेकांशी गाठ पडावी लागते. पालीच्या यात्रेच्या गर्दीतून माणसं निघून मोकळ्या माळावर पांगली तर अवचित भेट होणं अवघड, तसं. जागा वाढली की जुळणं मंदावतं, फुटणं तसंच चालू राहतं, म्हणून तोल फुटलेल्यांच्या बाजूला सरकतो. स्थिरांक मात्र ०.००००१८ च राहतो. आम्ल सौम्य की तीव्र हे तो स्थिरांक सांगतो, आणि पाण्यानं तो बदलत नाही. मुलीच्या वाक्यात दुरुस्ती एवढीच: पाण्यानं आम्ल तीव्र होत नाही, त्याचा फुटलेला वाटा वाढतो.

कृष्णाकाठ
सर, 'फुटलेला वाटा' मी उद्यापासूनच घेते. पण मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हजारात बेचाळीस हे मोजलं कुणी?

माहुलीकर
विजेनं. आयन असतील तरच द्रावणातून वीज वाहते. एक मोल ॲसिटिक आम्ल पूर्ण फुटलं तर मोलर वाहकता ३९०.७ येईल, हे कोलराउशच्या नियमानं इतर क्षारांवरून काढता येतं. ०.०१ मोलरच्या द्रावणाची प्रत्यक्ष मोजली तर सुमारे १६.२ भरते. १६.२ भागिले ३९०.७, आले ०.०४१. १६.२ हा वरचा अंश आणि ३९०.७ हा खालचा छेद. ओस्टवाल्डनं १८८८ साली नियम मांडला तो अशाच वाहकतेच्या मोजणीवर.

शब्दांच्या दृष्टीनं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच्या मांडणीत c नव्हता, V होता: एक मोल पदार्थ जितक्या लिटरमध्ये पसरलाय ते लिटर. ०.१ मोलर म्हणजे V दहा लिटर. समीकरण असं होतं: K = α²/((1−α)V). म्हणजे नियमाच्या इंग्रजी नावातलं 'डायल्यूशन' हे पाणी घालण्याच्या क्रियेचं नाव नाही, ते मोजायचं परिमाण आहे. म्हणून मी 'विरलता नियम' म्हणतो. 'विरलन' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर पाणी ओतणारा हात येतो.

शब्दवेडी
इथे माझं मत वेगळं. 'विरलता' म्हटलं की नुसती अवस्था झाली, बदल दिसत नाही. पाणी वाढत गेल्यावर अंश कसा सरकतो हे सांगणारा नियम असेल तर क्रियेचं नाव हवं. घडाची विरळणी म्हणतो, विरळता नाही.

इंजिनिअर_कराड
वर्गमुळाचं मान्य, मी घाईत लिहिलं. पण शेवटी पूर्ण फुटतं हे तरी बरोबर ना? √(K/c) मध्ये c शून्याकडे नेला की उत्तर वाढतच जातं.

माहुलीकर
वाढतं, आणि एकाच्या पुढे जातं, तिथेच ओळखायचं. संहती ०.००००१ घाला: १.३४. हजारातले तेराशे चाळीस रेणू फुटले! असं उत्तर आलं की समजावं, सूत्र त्याच्या हद्दीबाहेर वापरलंय. वर्गमुळाचं सूत्र हे (1−α) म्हणजे जवळजवळ १ असं धरून आलेलं असतं. अंश पाच टक्क्यांच्या आत असेपर्यंत ते चालतं. पुढे K = cα²/(1−α) हे वर्गसमीकरण पूर्ण सोडवायचं. मग त्याच संहतीला अंश ०.७२ येतो. ०.००१ मोलरलाच फरक दिसायला लागतो, सूत्रानं ०.१३४ आणि खरा ०.१२५.

आणि पूर्ण फुटण्याचं म्हणाल, तर शेवटी शेवटी पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन आड येतात, लिटरला ०.०००००१ चा दहावा भाग. ते असल्यामुळे ॲसिटिक आम्ल ९९.४ टक्क्यांवर थांबतं. तिथे फरक जाणवत नाही. पण हायड्रोसायनिक आम्लाचा स्थिरांक इतका लहान आहे (सुमारे ०.०००००००००६), की शुद्ध पाण्यात कितीही पातळ केलं तरी ते एक टक्कासुद्धा फुटत नाही. 'अनंत विरलतेला पूर्ण विचरण' हे वाक्य पुस्तकात गुळगुळीत झालंय, पण सरसकट खरं नाही.

तासगाव_बाग
सर, माझं राहिलं.

माहुलीकर
राहिलं नाही, मुद्दाम शेवटी ठेवलं. तुमच्या टाकीत दोन गोष्टी होतात. पहिली, सौम्य आम्लात नुसतं शुद्ध पाणी घातलं तरी सामू वरच जातो, ते वर आलंच. दुसरी मोठी: बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं आणि ते आम्ल खाऊन टाकतं. तुम्ही वर सोडलेलं प्रत्येक लिटर पाणी नवं बायकार्बोनेट घेऊन येतं, पण नवं सायट्रिक आणत नाही. तिथे हा नियम एकट्यानं लावताच येत नाही. शिवाय सायट्रिकला सोडायला तीन हायड्रोजन असतात, प्रत्येकाचा स्थिरांक वेगळा. टाकी पूर्ण भरल्यावर शेवटी सामू मोजा आणि त्यानुसार सायट्रिक घाला. खात्री करायची असेल तर बॅरलमधलं एक पेलाभर पाणी घ्या, त्यात बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर तेवढंच घाला. दुसऱ्या पेल्यात तेवढंच बोअरचं घाला. दोन्हींचा सामू पाहा.

शब्दवेडी
मग 'सौम्य'चं काय ठरलं? 'दुर्बल' म्हणावं का?

कृष्णाकाठ
शाळेच्या पुस्तकात तीव्र-सौम्य आणि संहत-विरल अशा जोड्या आहेत, मुलं त्या घेऊन येतात. त्या मोडायचं धाडस होत नाही. पण 'दुर्बल'मध्येही धोका आहे. ०.१ मोलरचं १० मिलिलिटर ॲसिटिक घ्या किंवा हायड्रोक्लोरिक, उदासीन करायला ०.१ मोलर कॉस्टिक सोडा दोघांनाही १० मिलिलिटरच लागतो. दुर्बल म्हटलं तर मुलं म्हणतील, याला कमी लागेल.

तासगाव_बाग
पेले केले. बॅरलचं पाणी ६.१ होतं. डिस्टिल्ड घातलेला ६.२, बोअरचं घातलेला ७.३. सर, डिस्टिल्ड घालून पाणी दुप्पट करूनही सामू जवळजवळ हललाच नाही. तुमच्या वर्गमुळानं तर जास्त चढायला पाहिजे होता ना?

माहुलीकर
हो, नुसतं आम्ल असतं तर ०.१५ च्या आसपास चढला असता. पण तुमच्या बॅरलमध्ये आता सायट्रिक आणि त्याचा क्षार दोन्ही आहेत, आणि अशी जोडी पाण्याला दाद देत नाही. तो वेगळा धडा आहे, आणि त्यातल्या 'बफर' या इंग्रजी शब्दाला चांगला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही. कुणाकडे असेल तर सांगा.