मदत हवी आहे: वॉलेट अ‍ॅड्रेसवर एकही तक्रार नाही, म्हणजे पैसे पाठवायला हरकत नाही का?

मृणाल_फोंडा

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ बोटीवर आहे, क्रूझच्या किचनमध्ये. त्याला आज रात्रीपर्यंत १,८५० यूएसडीटी एका अ‍ॅड्रेसवर पाठवायचे आहेत. बोटीवर नेट धड चालत नाही, म्हणून माझ्या एक्सचेंजच्या खात्यातून मीच पाठवावेत असं तो म्हणतो. नेटवर्क ट्रॉनचं, अ‍ॅड्रेस T ने सुरू होतो, ३४ अक्षरं आहेत, ती मी दोनदा मोजली.

रक्कम आमच्यासाठी मोठी आहे, म्हणून आधी थोडं तपासलं. `chainabuse.com` वर अ‍ॅड्रेस टाकला, एकही तक्रार नाही. मग `tronscan.org` वर टाकला तर तिथे काहीच नाही. शिल्लक शून्य, व्यवहार शून्य, खातं अजून अ‍ॅक्टिव्हेटसुद्धा झालेलं नाही असं दिसतं.

माझा प्रश्न इतकाच: हा अ‍ॅड्रेस स्वच्छ आहे असं समजायचं का? आणि अ‍ॅक्टिव्हेट नसलेल्या अ‍ॅड्रेसवर पाठवलेले पैसे मध्येच अडकतात का?

दर्यावर्दी_म्हापसा

ताई, मी गेल्या चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात ४०० यूएसडीटी असेच घालवले, म्हणून सांगतो. मित्राला नेहमी पाठवायचो, तर जुन्या व्यवहारांच्या यादीतून त्याचा अ‍ॅड्रेस कॉपी केला. त्या यादीत कोणीतरी शून्य रकमेचा एक व्यवहार घुसवून ठेवला होता. त्याची सुरुवातीची चार आणि शेवटची चार अक्षरं मित्राच्या अ‍ॅड्रेससारखीच. मी तेवढीच बघितली आणि पाठवून मोकळा झालो. तुम्ही सगळी ३४ अक्षरं जुळवा, मधली तर नक्कीच. जुळली की बिनधास्त पाठवा.

मृणाल_फोंडा

वाचून वाईट वाटलं हो. पण भावाने दिलेला अ‍ॅड्रेस आणि माझ्याकडे आलेला अ‍ॅड्रेस एकच आहे, ते जुळवलंय. माझी शंका अ‍ॅड्रेस ज्याचा आहे त्या माणसाबद्दल आहे.

साखळीकर

आधी १० यूएसडीटी पाठवून बघ. पोचले की बाकीचे पाठव. मी कायम असंच करतो.

पर्वरी_हिशोब

साखळीकर, दहा पाठवून एवढंच कळतं की अ‍ॅड्रेस चालू आहे आणि नेटवर्क बरोबर निवडलंय. समोरचा लुबाडणारा असला तरी दहा पोचणारच, त्याला ते हवेच आहेत.

मृणालताई, मी पर्वरीला एका ऑफिसात अशा व्यवहारांचा माग काढायचं काम करतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. अ‍ॅक्टिव्हेट नसलेल्या ट्रॉन अ‍ॅड्रेसवरही यूएसडीटी जमा होतात. ते पुढे हलवताना मात्र फीसाठी त्याला टीआरएक्स, म्हणजे ट्रॉनचं स्वतःचं नाणं, लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. कोऱ्या अ‍ॅड्रेसवर तक्रार असणार कुठून? तक्रार करायला आधी कोणाचे तरी पैसे तिथे जायला हवेत. ट्रॉनवर नवा अ‍ॅड्रेस काढायला एक सेकंद पुरतो आणि खर्च शून्य. फसवणारे लोक प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा, ताजा अ‍ॅड्रेस देतात, बऱ्याचदा दर खेपेला वेगळा. अ‍ॅड्रेस कोरा आहे याचा अर्थ तुम्हाला अजून काहीच कळलेलं नाही, एवढाच.

मला दोन गोष्टी सांगा. हे १,८५० कशाचे? आणि भावाने याच लोकांना आधी कधी पैसे पाठवले होते का?

मृणाल_फोंडा

सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमधून त्याने एका ट्रेडिंग प्लॅटफॉर्मवर ६०० भरले होते, तीन आठवड्यांपूर्वी. मध्ये ८० काढून बघितले, ते त्याच्या वॉलेटला खरंच आले. आता तिथे त्याचे ९,२५० दिसतात. सगळे काढायला गेला तर आधी २० टक्के टॅक्स भरा म्हणतात, तो वेगळा भरायचा, शिलकेतून कापून घेणार नाहीत. ते हे १,८५०.

पर्वरी_हिशोब

आज रात्री काहीही पाठवू नका. कारण खाली लिहितो, पण भावाला पटवायला माझा शब्द पुरणार नाही, त्याला डोळ्यांनी दिसायला हवं. त्याने ६०० ज्या जुन्या अ‍ॅड्रेसवर पाठवले होते तो शोधा, त्याच्या वॉलेटच्या इतिहासात असेल. नवा कोरा आहे, जुना बोलेल. तो ट्रॉनस्कॅनवर टाका, ट्रान्सफर्समध्ये जा आणि काय आलं, काय गेलं, किती वाजता, ते इथे लिहा. टोकनचं नाव बघून थांबू नका, यूएसडीटी नावाची खोटी टोकनंही फिरतात. टोकनवर क्लिक केल्यावर कॉन्ट्रॅक्ट हाच दिसला पाहिजे:

```
TR7NHqjeKQxGTCi8q8ZY4pL8otSzgjLj6t
```

मृणाल_फोंडा

सापडला. कॉन्ट्रॅक्ट तोच आहे. रात्री ९:१४ ला भावाचे ६०० आले. ९:२२ ला कुठूनतरी १५ टीआरएक्स आले. ९:३१ ला पूर्ण ६०० दुसऱ्या एका अ‍ॅड्रेसवर गेले. त्यानंतर आजपर्यंत काहीच नाही.

साखळीकर

सतरा मिनिटांत रिकामा! हाच पुरावा. फ्रॉड आहे, सोडून दे.

पर्वरी_हिशोब

निष्कर्ष बरोबर असेल, पण हा पुरावा नाही, आणि भाऊ इथेच तुम्हाला पकडेल. नावाजलेली एक्सचेंजही नेमकं असंच करतात. प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र डिपॉझिट अ‍ॅड्रेस, पैसे आले की फीपुरते टीआरएक्स टाकायचे आणि सगळं मोठ्या वॉलेटमध्ये ओढून घ्यायचं. मृणालताई, तुमच्या स्वतःच्या एक्सचेंजचा डिपॉझिट अ‍ॅड्रेस उघडून बघा, बहुधा असाच दिसेल.

फरक कळतो तो पुढच्या पायरीवर. ६०० ज्या अ‍ॅड्रेसवर गेले, तो उघडा. एक्सचेंजचं मोठं वॉलेट असेल तर ट्रॉनस्कॅन सहसा त्यावर नावाचं लेबल लावतं, ते जुनं असतं आणि तिथे दर मिनिटाला व्यवहार चालू असतात. तुम्हाला काय दिसतं? पहिला व्यवहार कधीचा, पैसे कुठून कुठून आले, पुढे कुठे गेले? आणि हाच अ‍ॅड्रेस तक्रारींच्या साइटवर टाका. भावाचे ते ८० कुठून आले होते तेही बघा.

मृणाल_फोंडा

उत्तराला उशीर झाला, मुलीला झोपवत होते. लेबल नाही. पहिला व्यवहार दोन महिन्यांपूर्वीचा. आलेल्या रकमा पाहून पोटात गोळा आला: ५००, १,०००, ३००, २,३००, परत ५००. जवळजवळ सगळ्या गोल, आणि प्रत्येक वेगळ्या अ‍ॅड्रेसवरून. मी चाळीसपर्यंत मोजल्या आणि थांबले. दर दोन-तीन दिवसांनी सगळं साठलेलं पुढे जातं, एकाच अ‍ॅड्रेसला, आणि त्याच्यावर मात्र एका मोठ्या एक्सचेंजचं लेबल आहे.

भावाचे ८० याच मधल्या अ‍ॅड्रेसवरून आलेत.

आणि `chainabuse.com` वर या अ‍ॅड्रेसच्या दोन तक्रारी आहेत. एकीत टेलिग्राम ग्रुप आणि पैसे काढताना मागितलेला टॅक्स, दोन्ही लिहिलंय. हात थरथरतायत माझे. पण ते एक्सचेंजचं लेबल आहे ना, म्हणजे मागे कोणी खरी कंपनी आहे असं भाऊ म्हणेल.

पर्वरी_हिशोब

शेवटच्या लेबलचा अर्थ एवढाच की हे लोक तिथून पैसे काढतात. चोराने बँकेत भरणा केला म्हणून बँक त्याची भागीदार होत नाही.

तक्रारीही डोळे झाकून मानू नका. तिथे कोणीही काहीही लिहू शकतो, रागाने सुद्धा. त्या पडताळून बघता येतात. टॅक्सवाल्या तक्रारीत रक्कम आणि तारीख दिली आहे का? असेल तर तीच नोंद त्या अ‍ॅड्रेसवर आलेल्या पैशांत सापडते का?

मृणाल_फोंडा

२,३००, तारखेसकट. मघाशी मी यादीत लिहिलेली तीच रक्कम. त्या माणसाचेही पैसे आधी एका ताज्या अ‍ॅड्रेसवर आणि तिथून काही मिनिटांत इथे. त्याच्या त्या अ‍ॅड्रेसला फीचे १५ टीआरएक्स जिथून आले, तिथूनच भावाच्या अ‍ॅड्रेसलाही आलेत.

पर्वरी_हिशोब

हे फार चांगलं शोधलंत. फीचे पैसे देणारा हात एकच, म्हणजे दोन्ही अ‍ॅड्रेस चालवणारी यंत्रणा बहुधा एकच. भावाला हाच भाग दाखवा: एका अनोळखी माणसाने लिहिलेली तक्रार आणि त्याचे स्वतःचे ६००, दोन्ही एकाच विहिरीत पडलेले.

८० परत आले याने फार काही सिद्ध होत नाही, खरं प्लॅटफॉर्मही एका साठ्यातूनच पैसे देतं. पण हेही लक्षात घ्या की ते ८० द्यायला कुठलाही नफा लागला नाही, त्याच्याच ६०० मधले निघू शकतात.

आणि टॅक्सचं. आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. तो पॅनवर, सरकारकडे, रुपयांत जातो. कुठलाही कर कोऱ्या ट्रॉन अ‍ॅड्रेसवर यूएसडीटीत भरला जात नाही. माझ्या कामात १,८५० भरल्यावर पैसे सुटले असं एकही प्रकरण मी पाहिलेलं नाही. पुढे व्हेरिफिकेशन फी येते, मग दंड.

दर्यावर्दी_म्हापसा

ते ६०० परत मिळतील का? यूएसडीटी काढणारी टेथर कंपनी अ‍ॅड्रेस गोठवू शकते असं ऐकलंय.

पर्वरी_हिशोब

गोठवू शकते. वर दिलेल्या कॉन्ट्रॅक्टच्या पानावर `isBlackListed` मध्ये अ‍ॅड्रेस टाकला तर गोठवलाय की नाही ते कोणालाही बघता येतं. पण ते बहुतेक पोलीस किंवा कोर्टाच्या मागणीवर होतं, आणि ६०० तर कधीच पुढे गेले. आशा असलीच तर शेवटच्या एक्सचेंजकडे आहे. पोलिसांनी विचारलं तर खातं कोणाचं ते त्यांना कळू शकतं. १९३० वर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार टाका. त्यात तिन्ही व्यवहारांचे हॅश, म्हणजे त्यांचे ओळख क्रमांक, अक्षरशः कॉपी करून द्या, स्क्रीनशॉटवरून हॅश टाइप करायला लावू नका. मिळतीलच असं मी म्हणणार नाही.

साखळीकर

पण तक्रार कोणी करायची? पैसे भावाचे, तो दर्यात. बहिणीची तक्रार घेतील का?

पर्वरी_हिशोब

तपशील भरून ठेवा आणि १९३० वरच विचारा. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांनी स्वतःच तक्रार केली होती, त्यामुळे खात्रीने सांगत नाही.

मृणाल_फोंडा

पैसे पाठवले नाहीत. भावाला तिन्ही पानांच्या लिंक पाठवल्या, वेळा लिहून: ९:१४, ९:२२, ९:३१. त्याचं उत्तर आलं, "ग्रुपमधली बाकीची माणसं काढतायत की पैसे." मी विचारलंय, त्यातल्या एकाला तरी त्याला मिळालेल्या पैशांचा हॅश माग. शुक्रवारी बोट बंदराला लागेल तेव्हा फोन करतो म्हणालाय. काय होतं ते इथेच लिहीन.