स्वप्नात मिळालेला मंत्र: पुढे तुम्ही काय केलंत?

बेळगाव, शहापूर
आमच्या आत्यांच्या स्वप्नात पंत महाराज आले. देव्हाऱ्यातल्या फोटोत आहेत तसेच. डोक्यावर हात ठेवला आणि कानात मंत्र सांगितला. जाग आली तेव्हा सुरुवातीची दोन अक्षरं तेवढी ध्यानात होती, पुढचं गेलं. आता पहाटे उठून त्या तीच दोन अक्षरं जपतात, आणि उरलेलं आठवेना म्हणून जिवाला घोर लावून घेतलाय. पंतबाळेकुंद्रीला जाऊन समाधीपुढे बसल्या, तरी नाही आठवलं. मुलाने मोबाइलवर शोधून त्या अक्षरांनी सुरू होणारे मंत्र काढून दिले, त्याने गोंधळ वाढलाच. असा अनुभव आलेल्यांनी लिहा. स्वप्न थोडक्यात चालेल. नंतर कुणाला विचारलंत आणि काय ठरवलंत, ते सविस्तर हवंय.

निपाणी
पहिली चूक झाली ती सांगण्याची. स्वप्नातला मंत्र गुप्त ठेवायचा असतो, बोललं की जातो. मला स्वामींनी दिलेला मी घरातसुद्धा कुणाला सांगितलेला नाही. तुकोबांनाही स्वप्नातच मिळाला होता, त्यांनी कुठे सांगितला?

खानापूर
निपाणीकर, मंत्र गुप्त ठेवायची रीत काही परंपरांत आहे, ते बरोबर. पण तुकोबांचं तसं नाही. त्यांनी अभंगात सगळं उघड सांगितलंय: ‘बाबाजी आपुलें सांगितलें नाम। मंत्र दिला रामकृष्णहरि॥’ हा अभंग सावकाश वाचला तर आत्यांचा निम्मा प्रश्न सुटेल.

गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, मस्तकावर हात ठेवला. जेवायला पावशेर तूप मागितलं, ते द्यायचा तुकोबांना विसर पडला. म्हणजे स्वप्नात काय राहून गेलं तेही त्यांनी लिहून ठेवलंय, मागाहून भर घातलेली नाही. राघवचैतन्य, केशवचैतन्य ही गुरुपरंपरेची खूण मिळाली. मंत्र मिळाला तो विठ्ठलाच्या माणसाला परका नव्हता. आणि शेवटी माघ शुद्ध दशमी, गुरुवार, ‘केला अंगीकार’. मंत्र दिला गुरूंनी, पण घेतला तुकोबांनी.

आमच्या फडावरचे बुवा कुणी स्वप्न घेऊन आलं की हेच बघतात. कोण आलं, त्याची परंपरा ठाऊक आहे का, मिळालेलं नाम आपल्या उपासनेशी जुळतं का. आणि आठवेना ते जुळवून पुरं करू देत नाहीत. मोबाइलवरचं शेपूट लावलं तर ते पंतांनी दिलेलं कसं म्हणायचं? आत्यांना हात ठेवल्याचं आठवतंय ना, तेवढा आशीर्वाद पक्का धरा. मंत्र अर्धा असेल तर तो अजून मिळालेला नाही, असं मी धरीन.

सौंदत्ती
आमच्या आईच्या स्वप्नात यल्लम्मा आली आणि ओटी मागितली. भरून झाली, तरी ती पुन्हा येते. काही राहिलं असेल का? इथले जाणते सांगा.

चिकोडी
ताई, तुमचा प्रश्न नवसाचा आहे, घरच्या पुजाऱ्यांना विचारा. इथे मंत्राचं चाललंय.

आमचं घर इंचगेरी संप्रदायातलं. नाम प्रत्यक्ष गुरूंकडून घ्यायचं, ही आमची रीत. वडिलांना नाम मिळाल्यावर काही वर्षांनी स्वप्नात गुरुदेव रानडे दिसले आणि वेगळंच नाम सांगितलं. वडील हरखले होते. परंपरेतल्या वडीलधाऱ्यांकडे गेले, तर त्यांनी एवढंच विचारलं, ‘स्वप्न पडल्यापासून नेम वाढला की कमी झाला?’ कमी झाला होता. दोन नामांत मन लागत नव्हतं. दिलेलंच नाम धर, दर्शन झालं त्याचा आनंद मान, असं सांगितलं. वडिलांनी ते मानलं. आईला मात्र अजून वाटतं, की खुद्द गुरुदेवांनी सांगितलेलं सोडायला नको होतं.

अथणी
आमचे आजोबा पौरोहित्य करायचे. ते सांगत की तंत्रग्रंथांत स्वप्नलब्ध मंत्राला विधीच आहे. कलशात गुरूचं आवाहन करायचं, वडाच्या पानावर कुंकवाने मंत्र लिहायचा आणि तिथून तो घ्यायचा. अशा मंत्राला सिद्ध-अरी, म्हणजे तो आपल्याला अनुकूल की प्रतिकूल, ते बघायची गरज नसते म्हणे. पण पानावर लिहायला मंत्र पुरा लागतो, त्यामुळे आत्यांना याचा उपयोग कसा होईल ते कळत नाही.

निपाणी
अभंग वाचला. पण तुकोबांची गोष्ट वेगळी. आपण आपलं गुप्तच ठेवलेलं बरं, असं मला अजूनही वाटतं.

खानापूर
जप गुप्त ठेवा की. पण एका जाणत्याला सांगा. आमच्याकडे एकाला स्वप्नात ‘आज्ञा’ झाली की लोकांना मंत्र दे. त्याने कुणालाच विचारलं नाही आणि मंत्राबरोबर दक्षिणा घेऊ लागला. आज्ञा खरी होती का, ते मी कोण सांगणार? पण बुवांनी त्याच्याकडे जायचं सोडलं. संत बहिणाबाईंना कोल्हापुरात असताना तुकोबांचा स्वप्नात अनुग्रह झाला, पुढे त्या देहूला गेल्या आणि तुकोबांच्या सहवासात राहिल्या. स्वप्नावर भागवलं नाही त्यांनी.

बेळगाव, शहापूर
आत्यांना सगळं वाचून दाखवलं. मोबाइलवरचे मंत्र त्यांनी बाजूला ठेवले. दोन अक्षरं मात्र सोडायला तयार नाहीत. म्हणतात, ‘तेवढी तर त्यांनीच दिलीत ना?’ यावर पंतांच्या संप्रदायातलं कुणी लिहील का?