ड्रॉइंगवरच्या ‘फिनिश’ला मराठीत काय म्हणायचं?

दुभाषी
मी एरवी माहितीपत्रकं, करारनामे असलं भाषांतर करते. मशिनमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगते. मावसभावाचं उद्यमनगरात ग्राइंडिंगचं छोटं शॉप आहे. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एका ड्रॉइंगचे दोन फोटो पाठवले आणि म्हणाला, ‘ताई, एवढं मराठीत लिहून दे, मशिनवरच्या पोराला देतो.’ एका फोटोत खालचा उजवा कोपरा, म्हणजे टायटल ब्लॉक. दुसऱ्यात डाव्या बाजूच्या जनरल नोट्स. मी असं लिहून दिलं:

मटेरियल: युरोपीय मानक ८ किंवा समतुल्य.
फिनिश: झिंक, ८ ते १२ मायक्रॉन.
नोट १: वेगळे नमूद नसल्यास टॉलरन्स आयएसओ २७६८ मि.मी.
नोट २: सर्व मापे फिनिशनंतरची.
नोट ३: धारदार कडा तोडाव्यात.
नोट ४: ड्रॉइंगला स्केल लावू नये.

पोराने पिना ग्राइंड केल्या. प्लेटिंगला पाठवायच्या आधी भावाने सहज विचारलं, तेव्हा कळलं की ‘फिनिश’ या एका शब्दाचे आम्ही तिघांनी तीन अर्थ घेतले होते. मी मूळ शब्द तसाच ठेवला होता, म्हणजे चूक व्हायचा प्रश्नच नाही असं मला वाटत होतं. मग चुकलं कुठे? आणि मराठी शब्द कोणता वापरायचा?

जुनी बाराखडी
चुकलं तिथेच, शब्द तसाच ठेवला तिथे. आपल्याकडे ‘मुलामा’ हा उत्तम शब्द आहे. गुजरीत कुणालाही विचारा, तांब्याच्या साजावर सोन्याचा मुलामा म्हटलं की लगेच कळतं. झिंक म्हणजे जस्त. ‘जस्ताचा मुलामा’ लिहा, फार तर ‘जस्ताची कल्हई’. ड्रॉइंगवर जिथे जिथे फिनिश दिसेल तिथे मुलामा लिहायचं, विषय संपला.

लेथवरचा
कडा तोडायच्या? 😂 ताई, आमच्याकडं पण एकदा नव्या पोराला कुणीतरी असंच सांगितलं. त्यानं कानस घेऊन दोन-दोन एमएमचा चँफर काढला सगळ्या नगांना. शार्प एज ब्रेक म्हणजे नुसती धार मारायची वो, हाताला कापू नये एवढी. बर काढायची, बास.

गेजवाला
शिरोलीत इन्स्पेक्शनला आयुष्य गेलं माझं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलामा हा अर्थ बरोबर आहे, पण ‘जिथे फिनिश तिथे मुलामा’ हे चालणार नाही. कल्हई तर नाहीच, ती कथलाची असते. शॉपमध्ये फिनिश हा शब्द तीन गोष्टींना वापरतात. ‘फिनिश मारला’ म्हणजे शेवटचा हलका कट किंवा ग्राइंडिंग. ‘फिनिश चांगला आला’ म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत आला, ते आर ए मध्ये मोजतात. आणि टायटल ब्लॉकमधल्या फिनिशच्या रकान्यात बहुतेक वेळा तिसरा अर्थ असतो: प्लेटिंग, फॉस्फेटिंग, रंग, असं काहीतरी वरून चढवायचं. त्यामुळे शब्दाला शब्द न शोधता त्या रकान्यात पुढे काय लिहिलंय ते आधी बघायचं. पुढे धातूचं नाव आणि जाडी असेल तर तो लेप. आर ए किंवा टिकमार्कसारखी खूण आणि आकडा असेल तर गुळगुळीतपणा.

दुभाषीताई, तुमच्या पोराने ‘८ ते १२ मायक्रॉन’चं काय केलं? आणि पिनचा व्यास किती आहे?

दुभाषी
तेच तर! त्याला वाटलं हा गुळगुळीतपणा. भावाला म्हणाला, ‘आठ-बारा मायक्रॉन तर लेथवरच मिळतंय, मग ग्राइंडिंग कशाला करायला लावलं?’ त्याने विचारलं म्हणून बरं. झिंक हा शब्द त्याला मटेरियलचा भाग वाटला, कारण फोटोत तो रकाना मटेरियलला चिकटून होता.

व्यास २५, पुढे स्मॉल एच सेव्हन. पोराने सगळ्या पिना २४.९९० च्या आसपास ठेवल्यात. नोटमध्ये ‘फिनिशनंतरची मापं’ होतं, तो म्हणतो ग्राइंडिंग म्हणजेच फिनिश, त्यानंतरचंच माप मी दिलंय.

गेजवाला
त्याच्या बाजूने तो बरोबरच आहे. त्याच्या तोंडी फिनिश म्हणजे ग्राइंडिंगच. पण नोट लिहिणाऱ्याच्या मनात रकान्यातलं झिंक होतं. नोट आणि रकाना एकाच कागदावर असते तर नजर एकीकडून दुसरीकडे गेली असती. तुम्हाला दोन वेगळे फोटो आले, तिथे धागा तुटला.

आता हिशेब बघा. २५ स्मॉल एच सेव्हन म्हणजे वर शून्य, खाली २१ मायक्रॉन. पिन २५.००० ते २४.९७९ मध्ये पाहिजे, आणि तीही झिंक चढल्यावर. लेपाची जाडी एका बाजूची धरतात. पिन गोल, म्हणजे व्यासावर दुप्पट चढ: कमीत कमी १६, जास्तीत जास्त २४ मायक्रॉन. पोराच्या २४.९९० वर हे चढवलं तर पिन २५.००६ ते २५.०१४ होते. म्हणजे त्याने अगदी मधोमध ठेवलेली पिन प्लेटिंगहून आली की गो रिंग गेजमध्ये जाणारच नाही.

उलटं मोजायचं. लेप जाड बसला तरी २५.००० ओलांडू नये म्हणून वरची हद्द २४.९७६. लेप पातळ बसला तरी २४.९७९ च्या खाली राहू नये म्हणून खालची हद्द २४.९६३. ग्राइंडिंगला २१ चे १३ मायक्रॉन उरले. २४.९७० धरून चला. आहेत त्या पिनांवर अजून २० मायक्रॉन काढायला वाव आहे, म्हणजे माल वाचला.

दुभाषी
वाचला! भावाला लगेच फोन केला. तो म्हणाला, ‘प्लेटिंगवाल्याकडं डबा भरून ठेवला होता, परत आणतो.’

लेथवरचा
गेजवाले काका, माझं पण सांगा की मग. माझा २५ चा बोअर हाय, त्यालाबी झिंकच. मी पण तुमच्यासारखं २० मायक्रॉन कमीच ठेवला आणि प्लेटिंगहून आल्यावर प्लग जाईना. प्लेटिंगवाल्यानं जास्त चढवलं म्हणून भांडून आलो.

गेजवाला
भांडण उगाच केलंस. बोअरमध्ये लेप आतून बसतो, भोक लहान होतं. तिथे माप मोठं ठेवायचं असतं. शिवाय खोल बोअरच्या आत झिंक पातळ बसतं आणि तोंडाशी जाड, त्यामुळे पिनचा हिशेब नुसता उलटा करून भागत नाही. दोन-चार नग आधी प्लेट करून आणून मोजायचे. पण ताईंचा प्रश्न पिनचा आहे, तुझं वेगळं बघू.

कागल लाइन
मी परचेसमध्ये आहे, मला मटेरियलच्या ओळीची जास्त काळजी वाटते. ‘युरोपीय मानक ८’ असं काही नसतं. ईएन-८ हे जुन्या ब्रिटिश यादीतलं नाव आहे. मध्यम कार्बनचं स्टील, कार्बन साधारण ०.३६ ते ०.४४ टक्के. कास्टिंगच्या ड्रॉइंगवर जीजेएल-२५० च्या आधी ईएन येतं, ते मात्र खरंच युरोपीय मानकाचं. अक्षरं तीच, घराणी वेगळी. याचं भाषांतर करूच नका. ‘ईएन-८’ तसंच लिहा, बारच्या टोकाला तेच मारलेलं असतं आणि पोरगा तेच शोधणार.

आणि ‘समतुल्य’ लिहिलं की शॉपमधला माणूस रॅकवर जे पडलंय ते उचलतो. सी-४५ बऱ्याचदा समतुल्य म्हणून खपवतात, त्यात कार्बन थोडा जास्त असतो. चालेलही, पण ते ठरवायचं कुणी?

जुनी बाराखडी
तिथे ‘समतुल्य (आधी विचारून)’ लिहा की.

कागल लाइन
मूळ ड्रॉइंगवर ‘विचारून’ नाही हो. आपण पदरचं घालायचं का, हाच तर प्रश्न आहे. कस्टमरने मोकळीक दिली असेल आणि आपणच ती काढून घेतली तर?

गेजवाला
मी असतो तर घातलं असतं, पण वेगळ्या शाईने. म्हणजे हे ड्रॉइंगचं नाही, आपलं आहे, हे दिसतं.

नोट १ मध्येही एक दुरुस्ती. २७६८ पुढचा एम म्हणजे मिलिमीटर नव्हे, मीडियम. तो टॉलरन्सचा वर्ग आहे, पोराला नुसतं नाव देऊन उपयोग नाही. पिनची लांबी किती? तिच्यापुढे टॉलरन्स आहे?

दुभाषी
१४०. पुढे काहीच नाही.

गेजवाला
मग तिथेच हा वर्ग लागतो. मीडियममध्ये १२० च्या पुढे ४०० पर्यंत अधिक-उणे ०.५, आणि ३० च्या पुढे १२० पर्यंत अधिक-उणे ०.३. पोराला ‘लांबी १४०, अधिक-उणे ०.५’ असं सरळ लिहून द्या. व्यासाला मात्र हे लावायचं नाही, त्याच्यापुढे स्मॉल एच सेव्हन लिहिलेलं आहे. ‘वेगळे नमूद नसल्यास’चा अर्थ एवढाच.

नोट ४ म्हणजे पट्टी लावून ड्रॉइंगवरून माप घेऊ नका, लिहिलेलं मापच धरा. फोटोवरून तर मुळीच नको, तिरक्या फोटोत लांबी-रुंदीचं प्रमाणच बिघडतं.

दुभाषी
आता असं लिहिलंय, बघा:

मटेरियल: ईएन-८ किंवा त्याच्या बरोबरीचं. (आमची सूचना, लाल शाईत: दुसरं वापरायचं असेल तर आधी विचारा.)
प्लेटिंग: झिंक, एका बाजूला ८ ते १२ मायक्रॉन जाड.
व्यास: झिंक चढल्यावर २५.००० ते २४.९७९. ग्राइंडिंगला २४.९७६ ते २४.९६३ ठेवा.
लांबी: १४०, अधिक-उणे ०.५.
कडा: नुसती धार मारा, बर ठेवू नका.
माप ड्रॉइंगवर पट्टी लावून घेऊ नका.

‘फिनिश’ शब्द एकदाही आला नाही! ‘झिंक चढल्यावर’ हे पोराचेच शब्द. मी ‘मुलामा’ म्हणून बघितलं तर तो हसला, म्हणाला, ‘पिना काय लग्नात घालायच्या हायत व्हय?’

जुनी बाराखडी
हसू दे. शब्द वापरल्याशिवाय रुळत नाहीत. गुळगुळीतपणाचं काय झालं? तो तुमच्या यादीत दिसत नाही.

दुभाषी
अरे हो. फोटोत व्यासाच्या रेघेवर टिकमार्कसारखी खूण आहे आणि पुढे १.६ की ७.६, फ्लॅश पडल्यामुळे कळत नाही.

गेजवाला
१.६ असणार, आर ए ची नेहमीची पायरी आहे. ७.६ कुणी लिहीत नाही. तरी अंदाजाने लिहू नका. भावाला म्हणावं, फ्लॅश बंद करून कागद सपाट ठेव आणि पूर्ण शीट एका फोटोत दिसेल असा काढ.

लेथवरचा
काका, बोअर…